शाळेच्या मैदानातल्या साळुंक्या जानेवारीत खरंच कमी होतात का? (नववीचा प्रकल्प, नाशिक)

तुळसवेल | २२ जानेवारी, रात्री ९:४०

मुलगी नववीत आहे. शाळा मखमलाबादच्या बाजूला, मैदान बऱ्यापैकी मोठं. एक जुना वड, चार गुलमोहर, पाण्याची टाकी आणि मागच्या भिंतीला लागून रिकामं शेत. जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने 'शाळेच्या आवारातील पक्ष्यांची ऋतूनुसार गणना' असा विषय घेतला. जुलैपासून दर बुधवारी सकाळी ठीक ७ वाजता, प्रार्थनेच्या आधी, टाकीच्या कट्ट्यावर दहा मिनिटं उभं राहून मोजते. सोबत एक मैत्रीण असते, ती लिहून घेते.

आता लिखाणाला बसलोय. साळुंकीचे आकडे असे आहेत:

जुलै: १२, ०, १९, १५, १८. एकूण ६४.
जानेवारी: ७, ०, ११. एकूण १८.

तिने लगेच स्तंभालेख काढून खाली निष्कर्ष लिहिला: 'हिवाळ्यात साळुंक्यांची संख्या प्रदूषण व मोबाईल टॉवरमुळे ७२ टक्क्यांनी घटली.' मला हे वाचून कसंसंच झालं, पण चुकतंय कुठे ते सांगता येईना. साळुंकी तर बारा महिने दिसते ना आपल्याकडे? ७ फेब्रुवारीला वही द्यायची आहे. कुणी जाणकार बघेल का?

पुणेरी_पगडी | २२ जानेवारी, रात्री १०:०५

विषय बदला, सरळ सांगतो. पक्षी सगळेच करतात. माझ्या भाच्याने गांडूळखताचा केला होता, जिल्ह्यात दुसरा आला. नाहीतर फुलपाखरं घ्या, मुंग्यांची वारुळं घ्या, देवराईतली झाडं घ्या. विषयांची यादी हवी असेल तर टाकतो.

तुळसवेल | २२ जानेवारी, रात्री १०:११

दादा, विषय शोधत नाहीये हो. सहा महिन्यांचं काम झालंय, आकडे वाचायचे कसे ते विचारतेय.

गणिती_पंत | २२ जानेवारी, रात्री १०:३२

चूक उघड आहे. जुलैत पाच बुधवार, जानेवारीत तीन. मग बेरजा समोरासमोर ठेवायच्याच कशाला? सरासरी काढा. जुलै ६४ भागिले ५ म्हणजे १२.८. जानेवारी १८ भागिले ३ म्हणजे ६. घट आहेच, पण निम्म्याहून थोडी जास्त, ७२ टक्के नव्हे. हे लिहा आणि विषय संपवा.

माळटिटवी | २२ जानेवारी, रात्री ११:१५

पंत, बेरजेचं तुमचं म्हणणं बरोबर. पण भागाकार करण्याआधी त्या दोन शून्यांकडे बघायला हवं होतं. जुलैत भर पावसाळ्यात १२ आणि १९ च्या मध्ये शून्य? साळुंकीचं? नाशकात दहा मिनिटं उभं राहिलं आणि एकही साळुंकी दिसली नाही, असं मला वीस वर्षांत क्वचितच झालंय.

तुळसवेल ताई, त्या दोन दिवशी मुलगी मैदानात गेली होती का?

तुळसवेल | २२ जानेवारी, रात्री ११:२४

विचारलं. ९ जुलैला धो धो पाऊस होता, गेलीच नाही. १४ जानेवारीला संक्रांत, सुट्टी. रकाना रिकामा दिसायला नको म्हणून शून्य लिहिलं म्हणे!

माळटिटवी | २२ जानेवारी, रात्री ११:५०

हीच चूक मोठ्यांच्या नोंदींतही सर्रास सापडते. 'गेलो, मोजलं, एकही नव्हता' म्हणजे शून्य. 'गेलोच नाही' म्हणजे आडवी रेघ. शून्य हा आकडा असतो, तो भागाकारात धरला जातो. रेघ धरली जात नाही. म्हणून जुलै ६४ भागिले ४ म्हणजे १६, आणि जानेवारी १८ भागिले २ म्हणजे ९.

आता खरा प्रश्न. १६ च्या ९ का झाल्या? टॉवर आणि प्रदूषण सोडून द्या, मुलीने त्यातलं काहीच मोजलेलं नाही. जे मोजलं नाही ते कारण म्हणून लिहिता येत नाही. पण तिने एक गोष्ट फार काटेकोर पाळली आहे, घड्याळ. आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे.

नाशकात जुलैच्या मध्याला सूर्य साधारण सहा-पाचला उगवतो. जानेवारीच्या मध्याला सात-बाराच्या आसपास. म्हणजे जुलैत सात वाजता ती मैदानात उभी राहते तेव्हा उजाडून जवळजवळ तास झालेला असतो, साळुंक्या खाली उतरून गवतात किडे वेचत असतात. जानेवारीत सातला अजून सूर्यच उगवलेला नसतो. साळुंक्या रात्री एखाद्या मोठ्या झाडावर शेकड्यांनी एकत्र बसतात (संध्याकाळी वडाखाली उभं राहून पाहा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही) आणि तांबडं फुटलं की तिथून पांगतात. तुमची मुलगी जानेवारीत त्या पांगण्याच्या वेळी मोजते, जुलैत चरण्याच्या वेळी.

पक्ष्याला घड्याळ नसतं. ऋतूंची तुलना करायची तर सूर्योदयापासून किती वेळ झाला ते सारखं ठेवावं लागतं.

एक विचारतो: डोक्यावरून उडत गेलेल्या साळुंक्या धरल्या आहेत का?

तुळसवेल | २३ जानेवारी, सकाळी ८:०२

नाही. बसलेल्या किंवा जमिनीवरच्याच धरायच्या असं तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं आणि तेच पाळलंय. पण वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलंय, २१ जानेवारी: 'बऱ्याच साळुंक्या वरून गेल्या, पेठ रोडच्या बाजूला.' तुमचं वाचून तीच उठून वही घेऊन आली.

गणिती_पंत | २३ जानेवारी, सकाळी ९:१५

शून्याचं मान्य, माझी घाई झाली. पण सूर्योदयाची गोष्ट हा फक्त अंदाज झाला. दोनच दिवसांच्या आकड्यांवर तुम्हीही गोष्टच रचताय की.

माळटिटवी | २३ जानेवारी, सकाळी ९:४०

अंदाजच आहे, म्हणून तो तपासायचा. अजून दोन आठवडे हातात आहेत. जानेवारीतच, सूर्योदयानंतर ५५ मिनिटांनी, म्हणजे ८:०५ ला, त्याच कट्ट्यावरून दहा मिनिटं मोजायचं. आकडा ९ च्या आसपासच राहिला तर माझं म्हणणं फुकट गेलं.

खडूफळा | २३ जानेवारी, दुपारी १:२०

मी शिक्षिका आहे, दुसऱ्या शाळेत. ८:०५ ला तास चालू असतो, मुलीला कोण सोडणार? रविवारी जावं लागेल. पण रविवारी मैदानात पोरं नसतात. बुधवारी सातला रिक्षा, व्हॅन, सायकली, आरडाओरडा. मग रविवारी ८:०५ ला साळुंक्या जास्त दिसल्या तर त्या वेळेमुळे की शांततेमुळे? परीक्षक म्हणून मी हाच प्रश्न विचारीन.

माळटिटवी | २३ जानेवारी, दुपारी २:०५

बाई, हे मला सुचायला हवं होतं. मग असं करा. एकाच रविवारी दोनदा मोजायचं, ७:०० ला आणि ८:०५ ला. दोन्ही वेळा मैदान रिकामं, म्हणजे फरक उरला फक्त वेळेचा. शिवाय रविवारचा ७:०० चा आकडा बुधवारच्या ७:०० च्या आकड्यांशेजारी ठेवला की पोरांच्या गोंधळाचाही थोडा अंदाज येईल.

दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात मैदानात फिरू नका, आणि डबा खाल्लात तर तुकडे टाकू नका. साळुंकी आणि कावळा दोघंही त्याला लगेच भुलतात.

द्राक्षबाग_मातोरी | २३ जानेवारी, रात्री ८:१७

साळुंक्या कमी झाल्या म्हणता? माझ्याकडे या की मातोरीला! मण्यात साखर उतरायला लागली आणि रोज सकाळी थवेच्या थवे. साळुंकी, बुलबुल, मधूनच भोरड्या. घड टोचून ठेवतात, मग त्यावर माश्या आणि सड. जाळीला खर्च किती येतो माहितीये का? फटाके लावून पाहिले, ढोल वाजवून पाहिला, पाच मिनिटांत परत येतात. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा राव.

पुणेरी_पगडी | २३ जानेवारी, रात्री ८:३०

चमकणाऱ्या फिती बांधा.

द्राक्षबाग_मातोरी | २३ जानेवारी, रात्री ८:४४

बांधल्या होत्या. आता त्यांच्यावरच बसतात.

माळटिटवी | २३ जानेवारी, रात्री ९:१०

द्राक्षबाग दादा, उपायासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू. पण तुमची एक गोष्ट इथे कामाची आहे. साळुंक्या बागेत किती वाजता येतात आणि किती वाजता जातात?

द्राक्षबाग_मातोरी | २३ जानेवारी, रात्री ९:३५

उजाडायच्या सुमाराला येतात. पावणेआठपर्यंत धुमाकूळ, मग मजूर बागेत आले की उठतात. संध्याकाळी परत पाचनंतर. कुठे जातात ते कोण बघतंय.

तुळसवेल | २५ जानेवारी, सकाळी १०:५०

पहिला रविवार झाला. थंडी मी म्हणत होती, वॉचमनकाकांनी कुरकुरत फाटक उघडलं.

७:०० ला: ६. ८:०५ ला: १३.

लेक खूश आहे, पण मला एक शंका आली. सातला अंधुक होतं. वडाच्या आतल्या फांद्यांवर काही बसलेलं असेल तर आम्हाला दिसलंच नसेल. म्हणजे साळुंक्या 'नव्हत्या' की 'दिसल्या नाहीत'?

माळटिटवी | २५ जानेवारी, सकाळी ११:३०

दोन्ही असू शकतं, आणि तुमच्या नोंदीवरून ते वेगळं करता येणार नाही. म्हणून प्रकल्पात 'साळुंक्यांची संख्या' असं लिहू नका, 'दहा मिनिटांत दिसलेल्या साळुंक्या' असं लिहा. ही पळवाट नाही, मोजलेलं तेवढंच आहे. पावसाळ्यात गुलमोहर पानांनी गच्च असतो, उन्हाळ्याच्या तोंडाला उघडा पडतो. तिथेही हाच प्रश्न येतो. जमिनीवर चरणाऱ्या साळुंकीच्या बाबतीत तो कमी सतावतो, पानांत दडणाऱ्या शिंपी किंवा शिंजीरच्या बाबतीत फार.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

दुसरा रविवार. ७:०० ला: ९. ८:०५ ला: १६.

म्हणजे रविवारची सरासरी सातला साडेसात, आठ-पाचला साडेचौदा. बुधवारी सातला ९ होती. पोरांच्या गोंधळाने फार फरक पडलेला दिसत नाही, बरोबर ना?

गणिती_पंत | १ फेब्रुवारी, दुपारी १२:०२

जुलै १६, आता १४.५. आणि दिवसागणिक आकडे पाहिले तर जुलैत १२ ते १९, आता १३ ते १६. म्हणजे आत्ताचे दोन्ही आकडे जुलैच्या पट्ट्यातच पडतात. इतक्या थोड्या नोंदींवर 'घट झाली' म्हणता येत नाही. मी माझे शब्द मागे घेतो. पण 'घट झाली नाही' असंही सिद्ध झालेलं नाही, हे लिहून ठेवा. गोंधळाचंही तेच, दोन दिवसांवरून फार तर 'मोठा फरक दिसला नाही' इतकंच.

खडूफळा | १ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

आमच्या शाळेत असा प्रकल्प आला की मुलं रडकुंडीला येतात, 'बाई, माझा निष्कर्षच गेला!' आलेख फाडू देऊ नका हं तिला. आधीचा आलेखही वहीत राहू द्या, खाली तो का चुकला ते लिहू द्या. मी तरी त्याला गुण देईन.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, दुपारी १:१५

फाडायला निघालीच होती, पान वाचवलंय. तिचं म्हणणं असं की मग ऋतूनुसार काहीच बदललं नाही, प्रकल्पाचं नावच खोटं ठरलं. बाकीच्या पक्ष्यांत काही सापडेल का? यादी देते: कावळा, पारवा, बुलबुल, दयाळ, सातभाई, कोतवाल, धोबी, थिरथिऱ्या, घार, पोपट.

माळटिटवी | १ फेब्रुवारी, दुपारी २:००

थिरथिऱ्याच्या नोंदी तारखांसह टाका. तो टाकीच्या किंवा भिंतीच्या आसपास दिसला असणार, शेपटी सारखी थरथरवत.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, दुपारी २:२०

बरोब्बर टाकीच्या पाइपावर! जुलै ते १५ ऑक्टोबरपर्यंत एकदाही नाही. मग दिवाळीची सुट्टी लागली. १२ नोव्हेंबरला पहिल्यांदा दिसला आणि त्यानंतर प्रत्येक खेपेला १. तिने लिहिलंय, '१२ नोव्हेंबर रोजी थिरथिऱ्याचे आगमन झाले. एकूण थिरथिरे: ९.'

माळटिटवी | १ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

मिळाला की तुमचा ऋतू!

थिरथिऱ्या हिवाळी पाहुणा आहे. हिमालय आणि त्याच्या पलीकडून आपल्याकडे उतरतो, उन्हाळा लागला की परततो. पावसाळ्यातल्या सगळ्या नोंदींत नाही आणि नोव्हेंबरनंतर प्रत्येक नोंदीत आहे. इथे सात वाजताच्या वेळेची अडचणही आड येत नाही. उलट, आत्ताची सातची वेळ त्याला दिसायला जास्त अवघड, तरी तो दिसतोय. साळुंकीच्या संख्येपेक्षा हा 'आहे-नाही'चा पुरावा कितीतरी भक्कम.

दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. आगमन १२ नोव्हेंबरला झालं असं नाही, १२ नोव्हेंबरला तो पहिल्यांदा दिसला. तो १५ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबरच्या मध्ये कधीतरी आला, आणि त्या चार आठवड्यांत तुम्ही फराळ करत होता. (१२ नोव्हेंबर म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस, योगायोग छान आहे, पण पक्ष्याला त्याचं काही नाही.) आणि 'एकूण ९' खोडा. हा पक्षी हिवाळ्यात आपली जागा धरून बसतो, बहुधा तो एकच पक्षी नऊ वेळा मोजला गेलाय. 'नऊ खेपांना, प्रत्येक वेळी एक' एवढंच.

धोबीचंही तसंच तपासून पाहा. पण तिथे सांभाळून, आपल्याकडे एक धोबी बारमाही आहे, मोठा काळा-पांढरा, डोळ्यावर पांढरी भुवई. बाकीचे पाहुणे. मुलीने नुसतं 'धोबी' लिहिलं असेल तर त्यातून ऋतू काढू नका.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

नुसतं 'धोबी' आहे. सोडून देतो. नऊचा एक झाल्यामुळे पंधरा मिनिटं रुसली होती, आता पाइपावरच्या पक्ष्याचं चित्र काढतेय.

पुणेरी_पगडी | १ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

हे सगळं eBird वर टाकता येईल ना? आमच्या सोसायटीत फेब्रुवारीतल्या पक्षीगणनेला सगळे टाकतात.

माळटिटवी | १ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

टाकता येईल, पण एक अट. तिथे पूर्ण यादी म्हणून नोंद द्यायची तर ओळखता आलेला प्रत्येक पक्षी धरावा लागतो, उडत गेलेलाही. तिने बसलेलेच धरलेत. म्हणून जुन्या नोंदी 'पूर्ण यादी' म्हणून टाकू नका. पुढच्या मोजणीपासून उडत गेलेल्यांचा वेगळा रकाना ठेवा, मग दोन्ही कामं होतील.

गणिती_पंत | १ फेब्रुवारी, सायंकाळी ५:५०

एक राहिलंच. मातोरीच्या दादांचं ऐकलं तर साळुंक्या उजाडताच द्राक्षांवर जातात आणि पावणेआठला उठतात. मग आठ-पाचला शाळेत दिसणाऱ्या साळुंक्या तिकडूनच येत नसतील कशावरून? म्हणजे वेळेचा फरक सूर्यामुळे नाही, द्राक्षांमुळे. जुलैत बागेत घडच नसतात, तेव्हा त्या थेट मैदानात उतरत असतील. मुलीने पेन्सिलीने लिहिलेलं 'पेठ रोडच्या बाजूला' हे मला सारखं टोचतंय.

माळटिटवी | १ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

याला माझ्याकडे उत्तर नाही. मातोरी शाळेपासून काही किलोमीटर, पण बागा मखमलाबादपासूनच सुरू होतात, तेवढं साळुंकीला अशक्य नाही. माझी सूर्योदयाची गोष्ट आणि तुमची द्राक्षांची गोष्ट, दोन्हींत सातला कमी आणि आठला जास्त हेच दिसेल. फरक कळेल तो खरड छाटणीनंतर, मे-जूनमध्ये. तेव्हा घड नसतात. मेअखेर सूर्य सहाच्या जरा आधीच उगवतो. सूर्य उगवताना आणि तासाभराने, अशी दोनदा मोजणी केली आणि फरक तेव्हाही राहिला तर सूर्य, गेला तर द्राक्षं. अर्थात मेमध्ये साळुंक्यांची वीण चालू असते, ते तिसरंच प्रकरण. शाळाही बंद.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

मेमध्ये वॉचमनकाकांना कोण पटवणार? पण लेक म्हणते, 'पुढील अभ्यास' या मथळ्याखाली हे लिहायचंच. आणि द्राक्षबाग दादांना विचार म्हणाली की ८ तारखेच्या रविवारी तुमच्या बागेत आणि इकडे शाळेत एकाच वेळी मोजता येईल का. वही ७ ला द्यायची आहे, तरी तिला बघायचंय.

द्राक्षबाग_मातोरी | १ फेब्रुवारी, रात्री ८:५०

मोजतो की. हाकलण्याआधी मोजायचं का हाकलल्यावर? आणि दहा मिनिटांत त्या ओळीखालून त्या ओळीखाली जातात, तीच साळुंकी दोनदा मोजली गेली तर?

माळटिटवी | १ फेब्रुवारी, रात्री ९:१५

हाकलण्याआधी. बागेच्या एका कोपऱ्यात उभे राहा, फिरू नका. दहा मिनिटांत एका वेळी एकदम जास्तीत जास्त किती दिसल्या तो आकडा लिहा, बेरीज करू नका. त्या दिवशी सूर्य सात-पाचच्या आसपास उगवेल. पहिली मोजणी ७ ला, दुसरी ८ ला. तुळसवेल ताई, त्या दिवशी तुम्हीही असाच आकडा वेगळा लिहा, नाहीतर बाग आणि शाळा शेजारी ठेवता येणार नाहीत.

द्राक्षबाग_मातोरी | १ फेब्रुवारी, रात्री ९:२२

पावणेआठला मजूर येतात, त्यांना सव्वाआठला बोलावतो. अर्ध्या तासात जेवढं टोचतील तेवढं टोचू दे.

तुळसवेल | १ फेब्रुवारी, रात्री ९:३०

दादा, तेवढ्या घडांचे पैसे लेक खाऊच्या पैशांतून देणार आहे म्हणे!